जामीन मंजूर, माणूस आतच: एका एसओपीची घडण

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात या दोन गोष्टींच्या मध्ये कधी आठवडे जातात, कधी महिने. आदेशात लिहिलेले असते: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम, स्थानिक जामीनदार. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी, ती त्याच्या हातात असते. जामीनदार मात्र शोधून आणावा लागतो. त्याच्याकडे सातबारा किंवा घरपट्टीची पावती लागते, शिधापत्रिका लागते, काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही मागतात. ज्याच्या ओळखीत असा माणूसच नाही, तो जामिनाचा आदेश असूनही बराकीतच राहतो.

कायद्याच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट वर्गात क्वचितच कळते. ती कळते लीगल एड क्लिनिकमध्ये. घटनेच्या कलम ३९-अ मध्ये मोफत कायदा सहाय्याचे तत्त्व १९७६ च्या दुरुस्तीने आले, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्याला यंत्रणा दिली. या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी महाविद्यालयांची क्लिनिके जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी जोडून काम करतात. तिथले विद्यार्थी तुरुंगात जातात, फॉर्म भरून घेतात, नातेवाइकांना फोन लावतात, तारखा काढतात आणि अर्जाचे मसुदे लिहितात.

यांतले काही जण पुढे एलएलएमला अर्ज करतात. देशातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत हा प्रवेश मुख्यतः परीक्षेवर ठरतो. परदेशी विद्यापीठे मात्र ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ मागतात. सगळे त्याला एसओपीच म्हणतात. आपण काय केले, आता नेमके काय शिकायचे आहे आणि ते इथेच का, हे दोनेक पानांत सांगायचे असते. क्लिनिकमध्ये काम केलेल्यांकडे या कागदासाठी उत्तम सामग्री असते, आणि बहुतेक वेळा तीच वाया जाते.

ती कशी वाया जाते, हे पाहण्यासाठी या लेखापुरती एक अर्जदार कल्पू. कोल्हापूर-सांगलीच्या साखरपट्ट्यातल्या एका महाविद्यालयात तिने पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला. शेवटची दोन वर्षे ती क्लिनिकमध्ये होती, पदवीनंतरही तिथेच थांबली. अर्ज इंग्रजीत जाणार आहे, पण तिचा पहिला मसुदा मराठीत सांगायचा तर असा वाचला जाईल: “लहानपणापासून मला अन्यायाची चीड होती. क्लिनिकमध्ये मी अनेक गरीब कैद्यांना न्याय मिळवून दिला. या अनुभवाने माझे आयुष्य बदलले. आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठातून मानवी हक्कांचे प्रगत ज्ञान घेऊन मला समाजाची सेवा करायची आहे.”

यातली भावना खरी असेल. पण निवड समितीला यातून तिच्याविषयी काहीच कळत नाही. कैदी कोण होते, अडले कुठे, तिने काय केले, तिला काय उमगले नाही, यातले एकही उत्तर इथे नाही. शिवाय दुसरे वाक्य चुकीचे आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे न्यायालयात वकिली करण्याचा अधिकार सनद असलेल्या वकिलालाच आहे. विद्यार्थिनी असताना तिने कुणाला जामीन मिळवून दिलेला असूच शकत नाही. अर्ज चालवला तो विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलाने. समितीतले प्राध्यापक कायद्याचेच असतात आणि असा दावा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यातून क्लिनिकच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी शिफारसपत्रात “हिने मुलाखती घेतल्या आणि अर्जांचे कच्चे मसुदे केले” असे प्रामाणिकपणे लिहिले, तर दोन कागद एकमेकांना खोटे पाडतात.

खरे तर मुलाखत घेणे आणि मसुदा करणे हेच मोलाचे काम आहे. तिने त्यातली एक फाइल उघडून पाहिली पाहिजे.

अशी एक फाइल समजा. बीड जिल्ह्यातला एक ऊसतोड मजूर जानेवारीत, गाळप हंगाम भरात असताना, शेतातली पाण्याची मोटार चोरल्याच्या आरोपावरून पकडला गेला. चोरीच्या साध्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. अटकेनंतर तीन आठवड्यांनी दंडाधिकाऱ्यांनी जामीन दिला: पंधरा हजार रुपये आणि एक स्थानिक जामीनदार. क्लिनिकची मंडळी तुरुंगात भेटायला गेली, तेव्हा या आदेशाला पाच आठवडे झाले होते आणि तो आतच होता. जामीन झाल्याचे त्याला ठाऊक होते, जामीनदार मात्र मिळत नव्हता. टोळीतले बाकीचे लोक त्याच्यासारखेच परगावचे. ज्याच्या नावावर जमीन आहे असा या जिल्ह्यातला त्याच्या ओळखीचा माणूस एकच, ज्याच्या फडात तो ऊस तोडत होता तो शेतकरी. तो कशाला पुढे येईल? मुकादम तयार झाला असता, पण तो खर्च उचलीत धरला गेला असता आणि पुढचा हंगामही त्याच्याकडेच फेडण्यात गेला असता.

इथे अर्जदाराने कायद्याचा हिशेब मांडायला हवा, कारण तिची समज त्यातूनच दिसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते की, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचे. न्यायालयाकडे तसा अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे. पण तीन वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष. हा माणूस दोन महिनेच आत होता. म्हणजे हे कलम त्याच्या कामाचे नव्हते.

कामाचा होता दुसरा कागद. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामीन मिळूनही न सुटलेल्या कैद्यांविषयी निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात पोचावी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा वकील पाठवून मदत करावी, गरज असेल तर कैद्याच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अहवाल करून न्यायालयापुढे ठेवावा. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी बदलण्याचा विचार करू शकते. आणि सुटकेला उशीर होण्याचे एक कारण म्हणजे स्थानिक जामीनदाराचा आग्रह, तेव्हा अशा प्रकरणांत न्यायालयांनी ती अट घालू नये, असेही त्यात म्हटले आहे.

हे नवे नव्हते. १९७८ मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात हेच झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर खाली एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला, आणि त्याच्या भावाची हमी नाकारली गेली, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्याचा आदेश दिला, आणि परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारणे चूक असल्याचे बजावले.

आपल्या अर्जदाराने या दोन्ही आधारांवर अट बदलण्याच्या अर्जाचा मसुदा केला, पॅनेलवरच्या वकिलांनी तो दुरुस्त करून दाखल केला आणि स्थानिकत्वाची अट निघाली. गावाकडच्या मेव्हण्याची घरपट्टीची पावती चालली. तरीही कागदांच्या पडताळणीत आणखी दिवस गेलेच.

बहुतेक एसओपी इथे थांबतात. अडचण होती, प्रयत्न केले, माणूस सुटला. पण समितीला सुटकेची गोष्ट नको असते. वकिली करून सुटणारा प्रश्न आणि अभ्यास करावा लागणारा प्रश्न यांतला फरक अर्जदाराला कळतो का, हे तिला पाहायचे असते. मजुराच्या सुटकेसाठी एलएलएमची गरज नव्हती. मग एलएलएम कशासाठी?

उत्तर त्याच फाइलीत आहे, पण ते काढण्यासाठी आधी न्यायालयाची बाजू समजून घ्यावी लागते. दंडाधिकारी निष्ठुर आहेत म्हणून स्थानिक जामीनदार मागतात, असे लिहिणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे आहे. त्यांच्यापुढे पैसे घेऊन उभे राहणारे बोगस जामीनदार येतात, एकच सातबारा अनेक खटल्यांत फिरतो. म्हणूनच जामीनदाराने आपण आधी किती जणांना जामीन राहिलो आहोत ते जाहीर करावे, अशी तरतूद कायद्यात आहे. आरोपी फरार झाला की खटला वर्षानुवर्षे पडून राहतो. हा माणूस तारखेला येईल याची न्यायालयाला काहीतरी खूण हवी असते, आणि जमिनीचा उतारा ही हाताशी असलेली सगळ्यात सोपी खूण आहे.

मग उतारा नसलेल्या माणसाची खूण कोणती? १९७९ मध्ये हुसैनारा खातून खटल्यात न्या. भगवती यांनी याचे उत्तर दिले होते. आरोपीची समाजात मुळे रुजलेली आहेत का ते पाहा: तो त्या जागी किती काळ राहतो, नोकरी काय, कुटुंबाशी नाते कसे, पूर्वीचे गुन्हे आहेत का, त्याच्याविषयी खात्रीने सांगणारी जबाबदार माणसे आहेत का. मुळे रुजलेली असतील तर पैशाच्या हमीशिवाय सोडा. या विचारामागे अमेरिकेचा अनुभव होता. न्यूयॉर्कमध्ये १९६१ साली सुरू झालेल्या मॅनहटन बेल प्रोजेक्टमध्ये आरोपींना असेच प्रश्न विचारून न्यायालयाला शिफारस केली जाई, आणि पैसे न भरता सुटलेले लोकही मोठ्या संख्येने तारखेला येतात असे दिसले होते. निकालपत्रात त्या प्रयोगाचा उल्लेखही आहे.

आता हे निकष ऊसतोड मजुराला लावून पाहा. या जागी किती काळ राहतो? दोन महिने, एका कोपीत. नोकरी? कागदावर नाही. कुटुंब? बायको इथे टोळीत, मुले आजीपाशी बीडला. खात्रीने सांगणारा माणूस? मुकादम. वर्षातले पाच-सहा महिने एका जिल्ह्यात आणि उरलेले दुसऱ्या जिल्ह्यात काढणाऱ्या माणसाची मुळे या यादीला दिसतच नाहीत. ती नाहीत असे नाही. तो दर दसरा-दिवाळीनंतर त्याच रस्त्याने त्याच पट्ट्यात येतो, हंगाम संपला की त्याच गावी परततो. त्याचे येणे-जाणे अनेक नोकरदारांपेक्षा नियमित असेल. पण हे मोजणारा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

हा अभ्यासाचा प्रश्न झाला. गरिबांना जामीन मिळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. गरिबांसाठी म्हणून केलेला उदार निकषच हंगामी स्थलांतर करणाऱ्यांना वगळतो, हे मात्र फाइल हातात घेतलेल्या व्यक्तीलाच दिसू शकते. एसओपीचा कणा इथे असायला हवा.

त्यानंतर पहिला परिच्छेद नव्याने लिहिला तर तो असा होईल: “साखरपट्ट्यातल्या एका तुरुंगात मला जामीन मंजूर होऊन पाच आठवडे आत असलेला एक ऊसतोड मजूर भेटला. त्याला स्थानिक जामीनदार हवा होता. मी अट बदलण्याच्या अर्जाचा मसुदा केला, आमच्या पॅनेलच्या वकिलांनी तो चालवला, अट निघाली. पण त्याच्या सामाजिक-आर्थिक अहवालाचा फॉर्म भरताना ‘किती वर्षे वास्तव्य’ या रकान्यात काय लिहायचे ते मला कळले नाही. १९७९ पासून भारतीय न्यायालये ज्या ‘मुळां’कडे पाहतात, ती दोन जिल्ह्यांत विभागलेल्या माणसाच्या बाबतीत कशी ओळखायची, हा प्रश्न घेऊन मी अर्ज करते आहे.”

यात एकही मोठा शब्द नाही. कोणी काय केले ते स्पष्ट आहे, कायद्याचा धागा आहे आणि तिला न कळलेली गोष्ट सरळ सांगितली आहे. हार्वर्ड लॉ स्कूलने एलएलएमच्या अर्जात बरीच वर्षे दोन भागांचे निवेदन मागितले आहे: एका भागात अर्जदाराच्या क्षेत्रातला एखादा महत्त्वाचा प्रश्न आणि त्याकडे पाहण्याची कायदेशीर चौकट, दुसऱ्यात एलएलएम का हवे ते. दोन्ही मिळून दीड हजार शब्दांची मर्यादा. ज्याच्याकडे प्रश्न नाही, त्याचा पहिला भाग कोराच राहतो.

प्रश्न पक्का झाला की ‘इथेच का’ या परिच्छेदाची धडपड कमी होते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तीन प्राध्यापकांची नावे उचलून ठेवायची गरज उरत नाही. आपल्या अर्जदाराला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, पैशाच्या हमीशिवाय चालणाऱ्या पद्धतींचा तौलनिक अभ्यास. इंग्लंडचा १९७६ चा बेल ॲक्ट जामीन हा सर्वसाधारण हक्क मानून सुरुवात करतो आणि नकारासाठी कारणे मागतो. अमेरिकेत न्यू जर्सीने २०१७ पासून पैशाऐवजी आरोपीच्या जोखमीच्या मूल्यमापनावर भर दिला, आणि इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये पैशाचा जामीन पूर्णपणे बंद केला. या मूल्यमापनात जुन्या नोंदींवर गुण दिले जातात, त्यामुळे पूर्वी ज्या वस्तीवर पोलिसांची नजर जास्त होती, तिथल्या माणसाला ते महागात पडते अशी टीका आहे. तेव्हा ती पद्धत उचलून इकडे आणा, असे लिहिणारा अर्ज कच्चा ठरतो. दुसरी गोष्ट म्हणजे आकडेवारी आणि दस्तऐवज वाचून संशोधन करण्याचे शिक्षण, कारण आपल्याकडच्या एलएलबीत ते फारसे मिळत नाही. या दोन्हींसाठी कोणते विषय आणि कोणाचे काम उपयोगी, हे त्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम वाचूनच ठरते आणि प्रत्येक अर्जात ते वेगळे असते.

एका वर्षात काय होऊ शकते याचा अंदाजही कागदावर दिसला पाहिजे. “महाराष्ट्रातल्या सगळ्या तुरुंगांचा अभ्यास करीन” असे लिहिले तर समितीला कळते की तुरुंगात संशोधनाची परवानगी काढायला किती काळ जातो हे हिला ठाऊक नाही. त्याऐवजी ई-कोर्ट्सवर उपलब्ध असलेले, एकाच जिल्ह्यातले चोरीच्या गुन्ह्यांतले जामीन आदेश वाचायचे, गाळप हंगामातले आणि त्याबाहेरचे वेगळे काढायचे, स्थानिक जामीनदाराची अट कोणत्यात जास्त येते ते पाहायचे, हे एका प्रबंधात बसते. यातून सुटकेला लागलेला काळ कळणार नाही, कारण तो आदेशात नसतो. ही मर्यादाही तिने स्वतःच लिहावी.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. क्लिनिकमध्ये ऐकलेले कैद्याचे बोलणे ही त्याची मालकी आहे. एसओपीत त्याचे नाव, गाव, गुन्हा क्रमांक, तारखा, यांतले काहीच येता कामा नये. नाव बदलून गावाचे नाव, वय आणि गुन्ह्याची हकिगत तशीच ठेवली तर स्थानिक बातम्या चाळणाऱ्याला माणूस सापडतो. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार कायद्याच्या प्रक्रियेत आलेल्या मुलांची ओळखही जाहीर करता येत नाही. पण कायद्याने बंदी नसलेल्या प्रकरणांतही, त्या माणसाने आपली हकिगत सांगितली ती जामिनासाठी, कुणाच्या परदेशी प्रवेशासाठी नव्हे. क्लिनिकच्या मार्गदर्शकांना मसुदा दाखवून, एवढा तपशील चालेल का असे विचारणे हा इथला साधा आणि खात्रीचा मार्ग आहे.

शेवटचा परिच्छेद परत येण्याविषयी असतो, आणि तिथे “समाजाची सेवा” पुन्हा डोके वर काढते. आपल्या अर्जदाराकडे याहून नेमके काही आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या गरीब कैदी सहाय्य योजनेत जामिनासाठी कच्च्या कैद्याला आर्थिक मदत मिळू शकते, ती जिल्हा पातळीवरच्या समितीमार्फत. म्हणजे पैशाची वाट काही प्रमाणात उघडली आहे. पण पैसा भरून सुटलेला माणूसही तारखेला येईल याची खूण न्यायालयाला लागणारच. हंगामी मजुरांसाठी सामाजिक-आर्थिक अहवालाचा वेगळा नमुना तिला करायचा आहे: किती हंगाम याच पट्ट्यात आला, कोणत्या कारखान्याच्या टोळीत होता, गावाकडे कोण आहे, मुले कोणत्या शाळेत आहेत, दोन्ही ठिकाणी निरोप कोणाकडे द्यायचा. हा नमुना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापुढे ठेवून, एक हंगाम आपल्याच क्लिनिकमध्ये वापरून पाहायचा, असा तिचा बेत आहे. तो एसओपीत चार वाक्यांत मावतो.